उसन्या पैशांबद्दल

अरे, तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, पण घाईत दोन शब्द टाकण्यापेक्षा नीट लिहावं म्हणून थांबलो. नव्या घराचं डिपॉझिट आणि जुन्या घराचं भाडं एकाच महिन्यात आलं की कुणाचीही ओढाताण होणारच. तू मोकळेपणाने विचारलंस, ते बरंच केलंस.

तरी स्पष्टच सांगतो, मी ऑफिसात कुणाशी उसने पैसे देण्या-घेण्याचा व्यवहार ठेवत नाही. हे सगळ्यांनाच लागू आहे, तुझ्यावर विश्वास नाही असं अजिबात मनात आणू नकोस. आपण रोज शेजारी बसतो, एकमेकांच्या कामातल्या चुका बिनधास्त दाखवतो. मध्ये पैसे आले की तू मला टाळायला लागशील, आणि मला साधं ‘काय चाललंय’ विचारतानाही अवघडल्यासारखं होईल. ते मला नकोय.

एक सुचवू? अकाउंट्सला पगारातून उचल मिळते का, ते विचारून बघ. अर्ज लिहायला मी बसतो तुझ्यासोबत, उद्या जेवणाच्या सुट्टीत चालेल. आणि घरमालकाशी बोल, निम्मं डिपॉझिट आत्ता, उरलेलं पुढच्या पगाराला. बरेच जण ऐकतात, फक्त तारीख पक्की सांग आणि मेसेजवर लिहून घे.

सामान हलवायला शनिवारी मी येतोच आहे. खोकी बांधायला सकाळी लवकर आलो तर चालेल ना?