मामा, हा लाल दिवा कसला?

मामा, गाडी चालवताना हा लाल दिवा लागलाय, फोटो पाठवते. अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखं चित्र आहे, तोंडातून थेंब पडतोय. सकाळी वळणावर नुसता लुकलुकत होता, आता विझतच नाही. गाडी बाजूला घेतलीये. घर वीस मिनिटांवर आहे, हळूहळू नेली तर चालेल ना?

—

नको नेऊस. फोटोत आरपीएमचा काटा 800 च्या आसपास दिसतोय, म्हणजे इंजिन चालूच आहे. आधी ते बंद कर, बाकीचं मग वाच.

तो इंजिन ऑइलच्या प्रेशरचा दिवा आहे. सर्व्हिसिंगची आठवण करून देणारा नव्हे. बरेच जण तसं समजतात आणि इंजिन घालवून बसतात. आत धातूवर धातू फिरतो, मध्ये ऑइलचा पातळ थर असतो म्हणून चालतं. प्रेशर गेलं की तो थर जातो आणि काही मिनिटांत बेअरिंग घासून इंजिन जाम होऊ शकतं. हळू चालवल्याने काही वाचत नाही. टेंपरेचरचा काटा मधोमध आहे म्हणूनही निश्चिंत राहू नकोस, तो पाण्याचं सांगतो, ऑइलचं नाही.

वळणावर लुकलुकत होता म्हणतेस, त्यावरून ऑइल कमी झालं असावं. वळताना ते एका बाजूला जातं आणि पंपाला क्षणभर मिळत नाही. पण पंप, सेन्सर, गळती, काहीही असू शकतं. फोटोवरून मी छातीठोक सांगणार नाही.

चारी इंडिकेटर लाव, हँडब्रेक ओढ. रस्ता वाहता असेल तर गाडीत बसू नकोस, रहदारीपासून लांब उभी राहा. जागा सपाट आणि सुरक्षित असेल तरच दहा मिनिटांनी बॉनेट उघड. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढ, फडक्याने पुस, पूर्ण आत घाल, परत काढ. पहिल्यांदा दिसतं ते खरं धरायचं नाही. दोन खुणांच्या मध्ये ऑइल हवं. इंजिन गरम असेल, हात जपून. रेडिएटरच्या झाकणाला तर हातच लावू नकोस.

खालच्या खुणेखाली असेल तर मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं ऑइल थोडं थोडं घालायचं, वरच्या खुणेच्या वर जाऊ द्यायचं नाही. मग स्टार्ट कर. दिवा काही सेकंदांत विझला नाही किंवा खडखड ऐकू आली, तर लगेच बंद. विझला तरी जवळचं गॅरेज गाठ. ऑइल गेलं कुठे ते शोधायला हवंच. गाडीखाली डाग दिसतोय का तेही बघ.

ऑइल पुरेसं असूनही दिवा लागला असेल तर पुन्हा स्टार्ट करायचीच नाही, टो करून न्यायची. पातळी ठीक म्हणजे प्रेशर ठीक असं नसतं. टोचा खर्च जिवावर येतो, माहीत आहे मला, पण इंजिन उघडावं लागलं तर त्याच्या कित्येक पट जातील.

डिपस्टिकचा फोटो पाठव. दुसऱ्यांदा बुडवल्यावरचा.