पिशवी तपासणी यादी आणि रोजचा फॉर्मांचा ताळमेळ (गट ३, सातारा)

कुणासाठी: गट ३ मधील सर्व प्रगणक. भाग: माची पेठ, चिमणपुरा आणि यादोगोपाळ पेठ.
काम: घरोघरी कुटुंब व पाणीवापर सर्वेक्षण, १३ ते २४ जुलै २०२६, रविवारी सुट्टी.
जमण्याची जागा: सकाळी ८.३० वाजता, मंगळवार पेठेतल्या शाळेचा व्हरांडा. संध्याकाळी ५.३० वाजता पुन्हा तिथेच.

ही यादी पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवा. रोज सकाळी घरातून निघण्याआधी एकदा आणि व्हरांड्यात फॉर्म हातात पडल्यावर एकदा, अशी दोनदा खूण करायची. दुसरी वेळ टाळू नका. राहिलेली वस्तू पोवई नाक्यावर कळली तर परत फिरता येतं, माची पेठेच्या चढावर अर्ध्यात कळली तर सकाळ गेली.

१. कागद

☐ कोरे फॉर्म. रोज ३० नवे मिळतील, आदल्या दिवशीचे उरलेले वेगळे. घेताना पहिला आणि शेवटचा क्रमांक बघून सही करू नका, प्रत्येक क्रमांक उलटून बघा. छपाईत मधला एखादा क्रमांक गळतो, कधी एकच दोनदा येतो. सही झाल्यावर सापडला तर तो तुमच्या नावावर.
☐ घरयादी (तुमच्या गल्लीची) आणि नजरी नकाशा. नकाशावर पेन्सिलनेच लिहा, कारण वाड्यांची मागची दारं दोन दिवसांनीच समजतात.
☐ रोजचा ताळमेळ तक्ता, एक पान.
☐ माहितीपत्रक, २५ प्रती. दार उघडलं की आधी हे हातात द्यायचं, प्रश्न नंतर.
☐ नेमणूक पत्राची झेरॉक्स, दोन प्रती. मूळ पत्र घरी ठेवा.
☐ जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या: एक कोऱ्या फॉर्मांची, एक भरलेल्यांची. दोन्ही एका पिशवीत कधीही नाहीत. जुलैतला सातारचा पाऊस सांगून येत नाही, आणि भिजलेले दोन फॉर्म एकमेकांना चिकटले की मोजणीत एकच भरतात.
☐ लिहायचं पॅड, वर क्लिप असलेलं. लाकडी असेल तर उत्तम, पुठ्ठ्याचं दोन पावसात वाकतं.
☐ रबरबँड चार-पाच. फॉर्मला टाचणी किंवा स्टेपलर लावायचा नाही, नोंदणीच्या वेळी फाटतो.

२. ओळखपत्र

☐ गळ्यात, फोटोची बाजू पुढे. रेनकोट घातला तर रेनकोटच्या वर. आत घालून दारात उभं राहिलेल्या माणसाला कोणी ओळखत नाही, आणि बाई घरात एकटी असेल तर तिनं ओळखू नयेच.
☐ फोटो, नाव, वैधतेच्या तारखा, कार्यालयाचा शिक्का आणि सही दिसते का बघा. यातलं एकही पुसट असेल तर त्याच दिवशी बदलून घ्या.
☐ ओळखपत्र वाचायला द्या, नंबर उतरवून घेऊ द्या, पण कोणाच्या हवाली करून आत जाऊ नका. "इथे ठेवून जा, मग बघू" म्हणणारे भेटतात. त्यांना झेरॉक्सची एक प्रत द्या, पाठीमागे केंद्राचा फोन नंबर आहे, खातरजमा करू द्या.

लोकांना फसवणुकीची भीती आहे, आणि ती रास्त आहे. म्हणून आपण आधार क्रमांक विचारत नाही, बँकेचं पासबुक बघत नाही, मोबाइलवर आलेला ओटीपी तर मुळीच नाही. हे वाक्य स्वतःहून, पहिल्या मिनिटात सांगा. एखाद्या आजोबांनी कौतुकानं आधार कार्ड पुढे केलं तरी "आजोबा, ते आत ठेवा" म्हणा.

३. लिहिण्याचं सामान

☐ निळी बॉलपेनं, तीन. पैकी एक फक्त समोरच्याच्या सहीसाठी, ते हरवणारच असं धरून चला.
☐ पेन्सिल, खोडरबर, शार्पनर (नकाशापुरतंच).
☐ अंगठ्याच्या ठशाचं शाईपॅड आणि जुन्या कापडाचा तुकडा. ठसा घेऊन बोट पुसायला काही न देणं बरं दिसत नाही.
☐ जेल पेन नको. एका पावसाळ्यात कुणाच्या तरी हट्टापायी जेल पेनानं भरलेले अकरा फॉर्म मी स्वतः परत नेले. निळ्या डागांखाली घरात माणसं चार की सात, ते पुन्हा दारात जाऊन विचारावं लागलं. त्या घरांनी चहा दिला, तरी लाज वाटलीच.
☐ पांढरी शाई नको. चुकलं तर एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर उत्तर, छोटी सही. लाल पेन फक्त पर्यवेक्षकाकडे.

४. बाकीचं, थोडक्यात

☐ पाण्याची बाटली, डबा ☐ छत्री आणि रेनकोट दोन्ही (छत्री धरून लिहिता येत नाही, रेनकोट घालून घरात शिरता येत नाही) ☐ चटकन निघणारी आणि निसरड्या पायरीवर न घसरणारी चप्पल ☐ चार्ज केलेला मोबाइल ☐ सुटे पैसे ☐ दारासाठी स्टिकर. घरमालकाला विचारून चौकटीवर लावायचा. खडू पावसात टिकत नाही.

५. फॉर्म भरताना एवढं बघा

एक चूल, एक फॉर्म. घर म्हणजे कुटुंब नव्हे. यादोगोपाळ पेठेतल्या जुन्या वाड्यांत एकाच दारामागे थोरला भाऊ, धाकटा भाऊ आणि मागच्या खोलीत भाडेकरू असे तीन स्वयंपाक असतात. थोरल्यानं "आम्ही सगळे एकच" म्हटलं तरी विचारा, "वहिनी, स्वयंपाक एकत्र की वेगळा?" उत्तर बहुतेकदा स्वयंपाकघरातून येतं.

बंद घराला फॉर्म लावू नका. घरयादीत 'बं' लिहा, तारीख आणि वेळ लिहा. वेगवेगळ्या वेळी तीन फेऱ्या, त्यातली एक संध्याकाळी ५ च्या आसपास. आषाढी जवळ आहे. शेजारी "वारीला गेलेत" म्हणाले तर कधी परतणार तेही लिहून घ्या, त्या घराच्या उरलेल्या फेऱ्या पुढे ढकला.

नकार आला तर फॉर्मवर फक्त घर क्रमांक, 'न' आणि कारण दोन शब्दांत. वाद घालू नका. शेजाऱ्याकडून माहिती घेऊन फॉर्म भरणं म्हणजे खोटा फॉर्म, मग शेजारी सख्खा भाऊ का असेना.

उंबऱ्याबाहेरून निघण्याआधी फॉर्म एकदा वरपासून खालपर्यंत बघा. राहिलेला रकाना तिथे भरायला अर्धं मिनिट लागतं.

६. संध्याकाळचा ताळमेळ

दोन हिशेब आहेत आणि ते वेगळे आहेत: कागदाचा आणि घरांचा. आकडे एकमेकांत मिसळले की दोन्ही चुकतात. खाली नमुना पूर्ण भरून दिला आहे, तुमचा तक्ता असाच दिसला पाहिजे.

कागदाचा हिशेब (बुधवार, १५ जुलै)

सकाळी हातात:
कालचे कोरे: ६ (०३५५ ते ०३६०)
कालचा अर्धवट: १ (०३४८)
आज घेतलेले: ३० (०३६१ ते ०३९०)
एकूण: ३७

संध्याकाळी:
पूर्ण: २३ (त्यात कालचा ०३४८)
अर्धवट: २ (०३६६, ०३७९)
नकार: १ (०३७२)
रद्द: १ (०३५९, चहा सांडला)
कोरे: १० (०३८१ ते ०३९०)
एकूण: ३७

घरांचा हिशेब (तोच दिवस)

वाजवलेली दारं: ३० (नवी २७, कालचं अर्धवट १, आधी बंद असलेली २)
एका नव्या घरात दोन चुली, म्हणून कुटुंबं: ३१
त्यांचं काय झालं: पूर्ण २३, अर्धवट २, नकार १, बंद ५. एकूण: ३१

रद्द फॉर्म कागदाच्या हिशेबात येतो, घरांच्या येत नाही. त्या घराचा नवा फॉर्म भरलेला असतो. बंद घर घरांच्या हिशेबात येतं, कागदाच्या येत नाही. नव्या मुलांचं इथेच अडतं. रद्द फॉर्म फाडून टाकायचा नाही. त्यावर तिरपी रेघ, 'रद्द', कारण आणि सही, आणि तो परत जमा.

क्रम असा ठेवा: आधी फॉर्म क्रमांकानं लावा, मग मोजा, मग तक्ता भरा. तक्ता आधी भरून फॉर्म त्यात बसवायला गेलात की आकडा नेहमीच जुळतो, आणि तो जुळणं कशाचंच लक्षण नसतं. नंतर पिशव्या जोडीदाराशी बदला, त्यानं तुमचे मोजावेत. दोघांचा आकडा एक आला की दोघांची सही, मग माझी. मी रोज प्रत्येकाच्या गठ्ठ्यातले दोन पूर्ण फॉर्म काढून घरयादीशी ताडून बघेन. मनाला लावून घेऊ नका, माझेही कोणीतरी बघतं.

आकडा जुळला नाही तर

एक कमी पडला तर आधी चिकटलेले फॉर्म सुटे करा, मग कोऱ्यांची पिशवी झटका, मग पॅडच्या क्लिपखाली बघा. नव्वद टक्के वेळा तिथेच असतो असं म्हणणार होतो, पण मी मोजलेलं नाही. माझ्या आठवणीत तरी बहुतेक वेळा तिथेच सापडला. त्यानंतर कोणता क्रमांक नाही ते शोधा. क्रमांक कळला की तो कोणत्या दाराजवळ लिहिला ते घरयादी सांगते, आणि उजेड असेपर्यंत तिथे जाऊन येता येतं. एकदा असा फॉर्म एका आजींच्या पोथीत खूण म्हणून सापडला होता.

तरीही सापडला नाही तर त्याच संध्याकाळी दोन ओळींत लिहून द्या: क्रमांक, कोरा की भरलेला, शेवटचा कुठे पाहिला. भरलेला असेल तर ती घरच्यांची माहिती आहे, त्यामुळे त्या घराला कळवायचं काम मी करेन. आठवणीतून दुसरा फॉर्म भरून आकडा जुळवू नका. हरवलेल्या फॉर्मबद्दल मी कोणाला घरी पाठवत नाही, बनवलेल्या फॉर्मबद्दल पाठवेन.

एक जास्त आला तर हसू नका. जोडीदाराचा तुमच्याकडे आलाय, म्हणजे त्याचा एक कमी आहे. त्याला हाक मारा.

७. जमा करणं

भरलेले फॉर्म घरी न्यायचे नाहीत, एक रात्रही नाही. फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत, "हे अक्षर वाचता येतंय का" विचारण्यापुरतेही नाहीत. फॉर्म घेऊन माझ्याकडे या. पूर्ण, नकार आणि रद्द असे तीन गठ्ठे रबरबँड लावून कपाटात. कोरे आणि अर्धवट तुमच्या नावाच्या पाकिटात, तेही त्याच कपाटात, सकाळी सही करून परत मिळतील. कुलूप ६.१५ ला लागतं. पावसात अडकलात तर फोन करा, मी थांबतो.

शेवटच्या दिवशी, २४ तारखेला, ओळखपत्र, पॅड, शाईपॅड, उरलेले स्टिकर आणि कोरे फॉर्म परत द्यायचे आहेत. पेनं राहू द्या.