आईसाठी चित्रफीत : वाचायचे पत्र

(आईच्या निवृत्तीच्या संध्याकाळी दादाने घरच्या टीव्हीवर लावायची चित्रफीत. सत्काराचे पाहुणे गेल्यानंतर, फक्त घरची माणसे असताना लावावी. जर्मनीतल्या उल्म येथील खोली, खिडकीजवळची खुर्ची. पत्र कागदावरूनच वाचायचे, मोबाईलवरून नाही.)

(कॅमेऱ्याकडे पाहून.) आई, आज तुझ्या सत्काराला मी येऊ शकले नाही, हे तुला ठाऊक आहे. फोनवर बोलायला लागले की आपण दोघी लगेच जेवणाखाणाकडे वळतो, म्हणून हे पत्र लिहिले. मध्ये बोलू नकोस, कारण मला ऐकू येणार नाही.

(कागद उघडून वाचायला सुरुवात.)

तीर्थरूप आईस, शिरसाष्टांग नमस्कार.

हा मायना तूच मला शिकवला होतास, पाचवीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री, आणि त्यानंतर तो लिहायची वेळ आज प्रथमच आली आहे.

बत्तीस वर्षांपूर्वी तू अंगणवाडीत रुजू झालीस, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पुढे तुझ्या वजनकाट्याच्या झोळीत गावातल्या इतर मुलांबरोबर मीही लटकले. तुझ्या जुन्या रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे सलग तीन महिने वजन वाढलेले नाही, हे मी नर्सिंगला गेल्यावर एकदा पाहिले होते. स्वतःच्या मुलीचा आकडा थोडा वाढवून लिहिणे तुला अवघड नव्हते. तू तो लिहिला नाहीस. दुसऱ्याच्या लेकराचे वजन जसे लिहायचे तसेच माझे लिहिलेस आणि मग घरी येऊन मला नाचणीची खीर भरवलीस, असे आजी सांगायची. नोंदीच्या बाबतीत इतकी खरी असलेली तू माझ्याशी मात्र खोटे बोलतेस, आणि मीही तुझ्याशी बोलते. आज त्याच विषयावर लिहायचे आहे.

आधी माझे सांगते. 2021 साली पुण्यात जर्मनचा वर्ग चालू असताना मी तुला कळवले होते की बी-टूची परीक्षा पुढे ढकलली गेली. करोनाचे दिवस होते, सगळ्याच परीक्षा पुढे जात होत्या, त्यामुळे तुला ते खरे वाटले. परीक्षा ठरल्या दिवशीच झाली होती, आई. मी तोंडी परीक्षेत नापास झाले होते. त्या वर्गासाठी तू पाटल्या सोनेतारणाला ठेवल्या होत्यास आणि दर महिन्याला मानधन जमा झाले की आधी त्याचे व्याज भरत होतीस, म्हणून ते सांगायला माझी जीभ रेटली नाही. मी दोन महिने एका खाजगी रुग्णालयात रात्रपाळी केली, त्या पैशातून दुसऱ्यांदा फी भरली आणि पास झाल्यावर तुला पेढे आणायला सांगितले. ते पेढे मला गोड लागले नाहीत.

(थांबावे. पाणी प्यावे. हा भाग कापायचा नाही.)

इथे आल्यावरही तेच चालू राहिले. पहिल्या हिवाळ्यात मी तुला बर्फाचे फोटो पाठवत होते, पण वॉर्डात लोक काय बोलतात ते मला निम्मेही कळत नव्हते, हे मी कळवले नाही. पुस्तकातले जर्मन शिकून या भागातल्या म्हाताऱ्या माणसांसमोर उभे राहणे म्हणजे प्रमाण मराठी शिकलेल्या परक्या माणसाला थेट आपल्या तासगावच्या बाजारात सोडून देण्यासारखे आहे. पाळी बदलताना सहकारी भराभर माहिती सांगत असत आणि मी वहीत औषधांची नावे तेवढी टिपत असे. तू विचारायचीस, "जेवलीस का?" मी म्हणायचे, "हो." अर्ध्या वेळेला ते खरे नसायचे.

आता तुझे. जूनपासून तू सलग सहा आठवडे फोन डाळीच्या डब्याला टेकवून ठेवत होतीस आणि म्हणत होतीस की हात पिठाचे आहेत. मी पाळी संपवून फोन करते तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेले असतात. आपल्या घरी भाकऱ्या सात वाजता होतात. रात्री दहाच्या सुमारास तू कोणासाठी पीठ मळत होतीस, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. दिवसभर मी वृद्ध माणसांचे चालणे, घास गिळणे, हाताची पकड निरखत असते. कोण कुठला हात जपतो आहे हे ओळखण्याचा मला पगार मिळतो. आणि माझ्या आईचे उजवे मनगट मोडले आहे, हे मला भाचीच्या तोंडून कळले, तेही "आजीचे प्लॅस्टर काढले" अशा शब्दांत.

त्या दिवशी माझ्या वॉर्डातल्या ब्याण्णव वर्षांच्या एका आजींना मी सूप भरवत होते. त्यांचाही उजवाच हात बांधलेला होता. त्यांनी मला विचारले, "तुमच्या आईला आज कोण भरवते?" त्यांना काहीच माहीत नव्हते, सहज विचारले असेल. मी वाडगा खाली ठेवला आणि बाहेर येऊन औषधांच्या खोलीत उभी राहिले.

मी रागावलेली नाही. थोडी रागावले आहे, पण तुझ्यापेक्षा दादावर जास्त. (कॅमेऱ्याकडे पाहून : दादा, हो, तुझ्यावर.)

मी कायमची परत कधी येणार, हे तू साडेतीन वर्षांत एकदाही विचारले नाहीस. शेजारच्या काकू विचारतात, मामा विचारतो, तू विचारत नाहीस. त्याचे खरे उत्तर असे आहे की मला माहीत नाही. इथले काम मला आवडू लागले आहे आणि घराची आठवणही कमी झालेली नाही. हे उत्तर ऐकून तुला वाईट वाटेल, म्हणून मी विषय टाळत होते.

एक गोष्ट मात्र माझ्या हातात होती आणि ती मी केली आहे. तुझ्या नव्वद दिवसांच्या व्हिसासाठी लागणारे हमीपत्र मी इथल्या कार्यालयातून घेतले आहे. तुझ्या राहण्याखाण्याचा खर्च मी करीन, असे त्यात लिहून दिले आहे. तीस हजार युरोंचा प्रवास विमा काढावा लागतो, तो मी काढीन. तू एप्रिलमध्ये ये, म्हणजे थंडी ओसरलेली असेल. पासपोर्टसाठी तुझा शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेव. त्यावर तुझे नाव वेगळे लिहिले आहे, असे तू एकदा म्हणाली होतीस, तेव्हा दादाने या आठवड्यातच ते काम हाती घ्यावे. ज्वारीचे पीठ इथे मिळते, पण जुने असते, म्हणून येताना दोन किलो घेऊन ये. बेदाणे आणू नकोस, अजून आहेत.

मुलांची नावे, रजिस्टरे, तो काटा, सगळे उद्या नव्या ताईंच्या ताब्यात जाईल. तू मोबाईलवरच्या नोंदी करायला शिकलीस तेव्हा मला दिवसातून चार वेळा फोन करायचीस. आता त्यासाठी फोन येणार नाहीत, तर दुसरे काहीतरी विचारत जा.

तुझी,
बारकी

(कागद खाली ठेवून, कॅमेऱ्याकडे.) आई, आता तुमच्याकडे साडेचार तास पुढे आहे, साडेतीन नाही. मी उद्या फोन करीन तेव्हा तो डब्याला टेकवू नकोस. दादाला धरायला सांग आणि आधी मला दोन्ही हात दाखव. उजव्या हाताची मूठ घट्ट मिटून, परत उघडून दाखवायची. मग बोलू.

(दहा सेकंद तसेच बसून राहावे, नंतर चित्रण बंद.)