फोटो कुठला, हे सांगताना

नमस्कार मंडळी! पडद्यावर फोटो आला की मागच्या बाकावरून लगेच आरोळी येते, 'मरीन ड्राइव्ह!' का, तर समुद्राकाठी सिमेंटचे चार पायांचे टेट्रापॉड दिसले. अरे, तसले टेट्रापॉड जपानच्या किनाऱ्यावरही रचलेले आहेत! पाटी देवनागरीत दिसली म्हणून लगेच दादर म्हणू नका, काठमांडूतही देवनागरीच. 'ळ' सापडला तर मराठीकडे झुकायला हरकत नाही, पण तो कोकणीतही असतोच. आणि राजाबाई टॉवरचा नुसता वरचा भाग कापून दाखवला, तर लंडन म्हणणारे आपल्यातच निघतील. म्हणून आधी 'बहुधा' म्हणा, कशावरून तेही सांगा. कोणी खोडून काढलं तर रुसायचं नाही. चला, पहिला फोटो लावतेय. पाट्या, झाडं, सावल्या नीट बघा.