पूर्वाभिमुख बाल्कनीतील छोट्या बागेचे सकाळचे दृश्यचित्र: प्रतिमा-निर्मितीसाठी प्रॉम्प्ट

एका निवासी इमारतीतील फ्लॅटच्या पूर्वेकडे तोंड असलेल्या बाल्कनीचे, छायाचित्रासारखे वास्तव वाटणारे एक आडवे दृश्यचित्र तयार करावे. बाल्कनीत बाग फुलवून सुमारे सहा महिने झाले आहेत असे समजावे. म्हणजे झाडे रुजलेली, काही फुललेली, परंतु अजून पूर्ण वाढलेली नाहीत. हे चित्र पाहून फ्लॅटच्या मालकीणबाई कुंड्यांच्या जागा, बाकाची उंची आणि भिंतीचा रंग ठरवणार आहेत. त्यामुळे चित्र मोहक असण्यापेक्षा त्यांच्या बाल्कनीशी प्रामाणिक असणे अधिक महत्त्वाचे आहे. चार फुटांची जागा चित्रात आठ फुटांची दिसली, तर त्या जागेत कधीच न मावणारी खुर्ची त्या घेऊन येतील, आणि नेमके तेच टाळण्यासाठी पुढील मापे दिली आहेत.

बाल्कनीची लांबी ९ फूट, रुंदी ४ फूट आणि छताची उंची साडेनऊ फूट आहे. कॅमेरा उत्तरेकडील टोकाला, जमिनीपासून साडेचार फूट उंचीवर ठेवून दृष्टी सरळ लांबीच्या दिशेने, दक्षिणेकडे असावी. या कोनातून डावीकडे कठडा, उजवीकडे घराची भिंत आणि समोर बाल्कनी जिथे संपते ती ४ फूट रुंदीची आडवी भिंत दिसेल. उजव्या भिंतीत कॅमेऱ्याच्या जवळच्या बाजूला ५ फूट रुंदीचे सरकते काचेचे दार आहे आणि त्यापुढे ४ फूट कोरी भिंत आहे. कठडा साडेतीन फूट उंच, उभ्या लोखंडी गजांचा, गडद राखाडी रंगाचा असून दोन गजांमध्ये ४ इंचांचे अंतर आहे. जमिनीवर फिकट मातकट रंगाच्या, खडबडीत पृष्ठभागाच्या फरशा आहेत, आणि डाव्या जवळच्या कोपऱ्यात पाणी जाण्याची छोटी गोल जाळी आहे. ही जाळी उघडी दिसलीच पाहिजे, तिच्यावर कुंडी ठेवू नये. भिंतींना गरम छटेचा पांढरा रंग असावा. कॅमेऱ्याची भिंग-रचना माणसाच्या डोळ्यांना जे दिसते त्याच्या जवळची असावी. जागा ताणून मोठी दाखवणारे अतिविस्तृत भिंग वापरू नये, आणि भिंतींच्या व गजांच्या उभ्या रेषा उभ्याच राहाव्यात.

प्रकाशाबाबत सर्वांत काटेकोर राहावे. वेळ सूर्योदयानंतर सुमारे दीड तासाची आहे. आकाश निरभ्र आहे, सूर्य क्षितिजापासून साधारण २० अंश वर आला आहे आणि किरणे डावीकडून, कठड्याला जवळजवळ काटकोनात आत येत आहेत. सूर्य इतका खाली असताना कठड्याची सावली जमिनीवर संपत नाही. ती बाल्कनीची पूर्ण रुंदी ओलांडून उजव्या भिंतीवर चढते आणि जमिनीपासून साधारण दोन फुटांवर थांबते. म्हणून संपूर्ण फरशीवर गजांच्या सावल्यांचे समांतर आडवे पट्टे दिसावेत, तेच पट्टे भिंतीच्या खालच्या दोन फुटांवर उभे होऊन चढलेले दिसावेत, आणि त्यावर सुमारे आठ फुटांपर्यंत भिंत सलग सोनेरी उन्हात न्हालेली असावी. आठ फुटांच्या वर छताची मऊ सावली आहे. काचेच्या दारात ऊन परावर्तित होईल, पण काच पूर्ण पांढरी होऊ नये, आतल्या खोलीतील पडद्याची कड अंधूक दिसत राहावी. उन्हाचा रंग फिकट सोनेरी असावा, नारिंगी नव्हे, आणि सावल्यांमध्ये आकाशाची हलकी निळसर झाक असावी. धुक्यातून उतरणारे प्रकाशाचे झोत, भिंगावरची चमक किंवा सूर्यबिंब चित्रात नको.

कठड्यालगत, कॅमेऱ्यापासून पुढे जाताना झाडांचा क्रम असा ठेवावा. पाण्याची जाळी मोकळी सोडून पहिली कुंडी मोगऱ्याची आहे: १२ इंचांची भाजक्या मातीची कुंडी, झाडाची उंची कुंडीसह अडीच फूट, समोरासमोर जोडीने येणारी गडद, चकचकीत पाने, आणि रात्री उमललेली पाच-सहा पांढरी फुले, ज्यांतील एखादे कडेने पिवळसर पडू लागले आहे. त्याच्या पुढे तेवढ्याच कुंडीत कढीपत्त्याचे कोवळे झाड आहे, उंची साडेतीन फूट, म्हणजे त्याचा शेंडा कठड्याच्या माथ्याला जेमतेम पोचतो. त्याची पाने एकाच देठावर दोन्ही बाजूंनी ओळीने आलेली, टोकदार आणि बारीक असतात, ती कडुनिंबासारखी दातेरी काढू नयेत. ही चूक अशा चित्रांत फार वेळा होते आणि झाडांची ओळख असणाऱ्याला ती लगेच खटकते. कढीपत्त्यामागे गोकर्णीचा वेल एका अरुंद लांब कुंडीतून निघून कठड्याच्या गजांना वेढे घालत चढला आहे. त्याने कठड्याचा फक्त अडीच फुटांचा भाग व्यापावा, बाकीचे गज उघडे राहू द्यावेत, नाहीतर फरशीवरचे सावल्यांचे पट्टे दाखवता येणार नाहीत. गोकर्णीची फुले गडद निळी आणि मध्यभागी पिवळसर पांढरी असतात, ती सात-आठच असावीत. या वेलीच्या पानांमागून ऊन येत असल्यामुळे काही पाने पारदर्शक पोपटी दिसावीत. संपूर्ण चित्रात सकाळ सर्वांत जास्त जाणवावी ती या ठिकाणी.

कठड्याच्या माथ्यावर, आतल्या बाजूला लटकणाऱ्या ८ इंच रुंदीच्या दोन लांब कुंड्या आहेत. बाहेरच्या बाजूला एकही कुंडी नको, कारण खाली लोकांची ये-जा असते. एका लांब कुंडीत गुलाबी सदाफुली आहे, पाच सपाट पाकळ्या आणि मध्ये गडद ठिपका असलेली. दुसऱ्या कुंडीत पोर्तुलाका, म्हणजे चिनी गुलाब आहे, ज्याची सुईसारखी मांसल पाने कुंडीच्या कडेवरून खाली ओघळलेली आहेत. या वेळी त्याची फुले अर्धवटच उघडलेली दाखवावीत, कारण पूर्ण उमलायला त्यांना आणखी कडक ऊन लागते.

उजव्या भिंतीच्या चार फूट कोऱ्या भागात जमिनीपासून तीन आणि साडेचार फुटांवर सागवानी छटेच्या दोन लाकडी फळ्या आहेत, प्रत्येकी ७ इंच खोल. खालच्या फळीवर पुदिना आणि पानओवा आहेत. पानओव्याची पाने जाड, लवदार आणि कडेला गोलसर कातरलेली दिसली पाहिजेत. वरच्या फळीवर मनी प्लांटची एकच कुंडी असून त्याच्या दोन वेली हृदयाच्या आकाराची पाने घेऊन एक फूटभर खाली उतरल्या आहेत. समोरच्या भिंतीच्या वरच्या भागात, साडेसहा फुटांवर स्पायडर प्लांट टांगलेले आहे, पांढऱ्या पट्ट्यांची पाने कमानीसारखी झुकलेली आणि दोन लांब देठांच्या टोकांना छोटी पिल्ले लोंबणारी.

बैठक समोरच्या भिंतीला टेकून आहे: ३ फूट लांब, दीड फूट खोल आणि बरोबर १८ इंच उंच असा लाकडी बाक, ज्याची बैठक उचलल्यावर आत खताची पिशवी आणि खुरपे ठेवता येते. उंचीत तडजोड नको, मालकीणबाईंचे गुडघे दुखतात आणि जमिनीलगतच्या बैठकीवरून उठणे त्यांना जमत नाही. बाक उजवीकडे सरकवलेला असून त्याच्या डाव्या टोकाला कठड्यापर्यंत १ फूट मोकळी जागा राहते. ती उंच, निमुळत्या कुंडीतील पिवळ्या कडांच्या स्नेक प्लांटने भरावी, पाने ताठ उभी, आडव्या गडद पट्ट्यांची. घरी लहान नातवंड येते आणि बाकावर चढून कठड्याशी जाणे त्याला सोपे होऊ नये, म्हणून ही योजना आहे. बाकावर फिकट करड्या रंगाची, सुती कापडाची दोन इंच जाड गादी आणि मातकट लाल रंगाची एक उशी असावी. बाकाजवळ १८ इंच व्यासाचे गोल, घडीचे छोटे टेबल असून त्यावर पालथे ठेवलेले उघडे पुस्तक आणि चष्मा आहे. माणूस दाखवू नये, पण कोणीतरी आत्ताच उठून आत गेले आहे असे वाटले पाहिजे. गादीवर बसल्याची हलकी खोलगट खूण राहिली तर फारच उत्तम.

दारापासून बाकापर्यंत किमान अडीच फूट रुंदीची चालण्याची वाट पूर्ण मोकळी असावी. नुकतेच पाणी घातल्याने मोगऱ्याच्या कुंडीचा खालचा भाग ओलसर, गडद दिसावा आणि तिच्या तबकडीत थोडेसे पाणी चमकावे. एक-दोन गळलेली पाने फरशीवर चालतील. छताला कपडे वाळवण्याच्या दांड्या वर ओढलेल्या आहेत, त्या लपवू नयेत, कारण त्या तिथे राहणारच आहेत. कठड्यापलीकडे दूरच्या इमारतींची फिकट, अस्पष्ट रेषा आणि मोकळे आकाश एवढेच दिसावे. समुद्र, डोंगर किंवा घनदाट वनराई जोडू नये. कृत्रिम हिरवळ, दिव्यांच्या माळा, झोपाळा, कारंजे, मूर्ती, अक्षरे आणि वर उल्लेख नसलेली कोणतीही झाडे चित्रात नकोत.

हे चित्र झाल्यावर कॅमेरा, मापे, झाडे आणि वस्तू यांत पुढे सांगितलेल्या बदलांखेरीज काहीही न बदलता दुसरे चित्र तयार करावे, ज्यात सूर्य सुमारे ४५ अंश वर आलेला असेल. त्या वेळी गजांच्या सावल्यांचे पट्टे आखडून कठड्यापासून साडेतीन फुटांवरच संपतील, भिंतीलगतची अर्धा फूट फरशी सलग उजळलेली असेल आणि भिंतीवरचे ऊन जमिनीपासून साडेपाच फुटांपर्यंतच पोचेल, त्यावर छताची सावली राहील. ऊन अधिक पांढरे, सावल्यांच्या कडा अधिक धारदार असाव्यात. पोर्तुलाकाची फुले आता पूर्ण उघडलेली, कुंडीची ओल सुकत आलेली, आणि टेबलावरचे पुस्तक व चष्मा उचललेले दाखवावेत. सकाळी वाचायला बसल्यावर नेमके किती वाजेपर्यंत बाकावर ऊन राहील, आणि कठड्याला बांबूचा पडदा लावण्याची गरज आहे की नाही, हे मालकीणबाईंना ही दोन चित्रे शेजारी ठेवून ठरवायचे आहे.