शेअर सर्टिफिकेटवरील नावाची दुरुस्ती करून मिळण्याबाबत व्यवस्थापक समितीस पत्र

दिनांक : 12 नोव्हेंबर 2025

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व व्यवस्थापक समिती सदस्य,
निशिगंध-पारिजात सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित,
डोंबिवली (पूर्व) 421201

अर्जदार : मृणालिनी श्रीधर खेर, सभासद, सदनिका क्र. 7, पहिला मजला

विषय : शेअर सर्टिफिकेट क्र. 7 (भाग क्र. 31 ते 35) यावरील हस्तांतरण नोंदीत माझ्या नावाचे व आडनावाचे स्पेलिंग दुरुस्त करून मिळण्याबाबत.

महोदय,

सदनिका क्र. 7 चे शेअर सर्टिफिकेट संस्थेने 1985 मध्ये माझे पती कै. श्रीधर गोविंद खेर यांच्या नावे दिले. प्रत्येकी 50 रुपयांचे पाच भाग, एकूण 250 रुपये. मार्च 2016 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी संस्थेकडे केलेले नामनिर्देशन आणि आमच्या मुलाने व मुलीने माझ्या नावे करून दिलेले नोंदणीकृत हक्कसोडपत्र, या दोन्हींच्या आधारे तेव्हाच्या समितीने हे भाग माझ्या नावे केले आणि सर्टिफिकेटच्या मागील बाजूच्या तक्त्यात 18 सप्टेंबर 2016 या तारखेची नोंद घेतली. त्या नोंदीत माझे नाव चुकीचे लिहिले गेले आहे.

नोंदीत असलेले नाव : मृणालीनी श्रीधर खरे
बरोबर नाव : मृणालिनी श्रीधर खेर

नोंद निळ्या शाईने हाताने लिहिलेली आहे. आडनावात ‘ख’वर हवी ती मात्रा ‘र’वर दिली गेली आहे, आणि नावात ‘लि’ ऱ्हस्व हवा तो दीर्घ झाला आहे. त्याच सर्टिफिकेटच्या पुढच्या बाजूला माझ्या पतींचे आडनाव ‘खेर’ असे स्वच्छ छापलेले आहे. एकाच कागदाच्या दोन बाजूंना पती-पत्नीची दोन आडनावे दिसतात. लिहिण्याच्या ओघात झालेली ही चूक आहे हे मी जाणते. त्या वेळच्या पदाधिकाऱ्यांनी माझ्या अवघड काळात सगळे कागद स्वतः लक्ष घालून पूर्ण केले, त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही.

ऱ्हस्व-दीर्घाची चूक एखाद्या वेळी चालूनही गेली असती. आडनावाची मात्र चालणारी नाही, कारण ‘खरे’ हे दुसरे, पूर्ण वेगळे आडनाव आहे आणि आपल्याच इमारतीत सदनिका क्र. 11 मध्ये खरे कुटुंब राहते. आमची टपाले एकमेकांकडे जातात, ती आम्ही आपापसांत देवाणघेवाण करून मिटवतो. पण यंदा मे महिन्यात मी चेकने भरलेली सिंकिंग फंडाची रक्कम क्र. 11 च्या खात्यावर जमा धरली गेली आणि माझ्या बिलात ती थकबाकी म्हणून व्याजासह आली. सचिवांनी लक्ष घालून ती पुढच्या बिलात वळती करून दिली, त्याबद्दल आभार. श्री. खरे यांनीही, क्र. 7 च्या भागांशी आपला काही संबंध नाही आणि या दुरुस्तीस आपली हरकत नाही, असे पत्र आपणहून लिहून दिले आहे. ते सोबत जोडले आहे.

आता हा विषय तातडीने मांडण्याचे कारण पुनर्विकासाचे आहे. सर्वसाधारण सभेच्या निर्णयानुसार प्रकल्प सल्लागारांनी संस्थेकडे सभासदांची यादी आणि प्रत्येकाच्या शेअर सर्टिफिकेटची प्रत मागितली आहे. पुढचे सगळे कागद याच यादीवरून तयार होतील : माझे संमतीपत्र, बांधकाम चालू असतानाच्या भाड्याचे चेक, आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करारनामा, जो दुय्यम निबंधकांकडे नोंदवला जाणार आहे. तिथे माझे आधार आणि पॅन समोर ठेवले जाईल, त्यावर ‘खेर’ असेल आणि करारात ‘खरे’. शिवाय क्र. 7 चे चटई क्षेत्र 465 चौरस फूट आहे, क्र. 11 चे 610. नवीन इमारतीतली जागा या आकड्यांवरूनच ठरणार आहे. दोन खरे एका यादीत आले आणि एखाद्या तक्त्यात ओळी उलटसुलट झाल्या, तर त्याचा त्रास मला जेवढा होईल तेवढाच श्री. खरे यांनाही होईल, आणि नोंदणी झाल्यावर ते निस्तरायला चूकदुरुस्ती लेख करून पुन्हा सगळ्यांना निबंधक कार्यालयात जावे लागेल. आज ही गोष्ट समितीच्या एका ठरावाने होण्यासारखी आहे.

तोंडी चर्चेत दोन सूचना पुढे आल्या होत्या, त्यांबद्दल माझे म्हणणे नम्रपणे मांडते.

पहिली सूचना, मी राजपत्रात नाव बदलून घ्यावे. राजपत्रातली जाहिरात ज्याला आपले नाव बदलायचे आहे त्याच्यासाठी असते. माझे नाव बदललेले नाही. लग्नानंतर आजतागायत मी मृणालिनी श्रीधर खेरच आहे आणि माझ्या प्रत्येक कागदावर तेच आहे. राजपत्रात ‘पूर्वीचे नाव खरे’ असे छापून आणले, तर जे नाव माझे कधीच नव्हते ते मी स्वतःच सरकारी कागदावर माझे म्हणून मान्य केल्यासारखे होईल. ते मला करायचे नाही. खेर हे माझ्या पतींचे आणि माझ्या मुलांचे आडनाव आहे. ज्या घराचे हप्ते आम्ही दोघांनी मिळून फेडले, त्याच्या कागदावर ते तसेच असावे असे मला मनापासून वाटते.

दुसरी सूचना, आहे त्याच नोंदीवर पेनाने मात्रा दुरुस्त करून द्यावी. सूचना सद्भावनेची आहे, तरी ती कृपया स्वीकारू नये. गिरवलेले अक्षर पाहिले की बँकेचा वकील असो वा निबंधक कार्यालयातला कर्मचारी, त्याला पहिली शंका खाडाखोडीचीच येते. ती कोणी, कधी आणि कोणत्या अधिकारात केली याचे उत्तर त्या कागदावर कुठेच नसते.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, समितीच्या येत्या मासिक सभेत हा अर्ज घेऊन दुरुस्तीचा ठराव करावा. ठरावात चुकीचे नाव, बरोबर नाव, सर्टिफिकेट क्रमांक आणि भाग क्रमांक हे चारही स्पष्ट लिहावेत. त्यानंतर सर्टिफिकेटच्या मागील तक्त्यात नव्या ओळीत ‘18 सप्टेंबर 2016 च्या नोंदीतील नाव मृणालिनी श्रीधर खेर असे वाचावे’ अशी नोंद ठराव क्रमांक व तारखेसह घ्यावी. जुनी नोंद आहे तशी वाचता येईल अशी राहू द्यावी. मूळ सर्टिफिकेटप्रमाणेच या नोंदीवरही अध्यक्ष, सचिव आणि समितीने अधिकार दिलेले एक सदस्य यांच्या सह्या व संस्थेचा शिक्का असावा. समितीला जुने सर्टिफिकेट रद्द करून नवे देणे अधिक सोयीचे वाटत असेल, तर त्यालाही माझी संमती आहे. फक्त नव्यावर जुन्याचा क्रमांक व रद्द केल्याचा उल्लेख असावा आणि भाग क्रमांक 31 ते 35 हेच राहावेत.

केवळ सर्टिफिकेट दुरुस्त करून काम पुरे होणार नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 38 नुसार सभासद नोंदवही हा सभासदत्वाचा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. त्यामुळे ‘आय’ नमुन्यातील सभासद नोंदवही, ‘जे’ नमुन्यातील सभासदांची यादी, भाग नोंदवही आणि माझ्या मुलीच्या नावे मी केलेल्या नामनिर्देशनाची नोंद, या चारही ठिकाणी नाव तपासून दुरुस्त करावे. मासिक बिल ज्या संगणक प्रणालीतून निघते तिथेही ‘खरे’ असेच नाव आहे. हिशेबनिसांना तशी सूचना द्यावी, नाहीतर पुढच्या महिन्याच्या बिलावर तेच नाव पुन्हा छापून येईल. प्रकल्प सल्लागारांकडे यादी याआधीच गेली असल्यास दुरुस्त यादी संस्थेच्या पत्रासोबत पाठवावी आणि ती प्रत मला दाखवावी.

या दुरुस्तीत मालकी बदलत नाही, भाग एका सभासदाकडून दुसऱ्याकडे जात नाहीत. त्यामुळे हस्तांतरण शुल्क किंवा अधिमूल्य येथे लागू होत नाही असे माझे मत आहे. नवे सर्टिफिकेट छापण्याचा जो खर्च येईल तो मी आनंदाने भरीन, त्याची पावती मिळावी.

मूळ सर्टिफिकेट मी आज अर्जासोबत देत नाही. ठराव झाल्यावर सचिवांनी कळवावे, मी ते स्वतः कार्यालयात आणून देईन आणि दुरुस्ती होईपर्यंत ते संस्थेकडे असल्याची सही-शिक्क्याची पोच घेईन. मूळ कागदांची पडताळणी करायची असल्यास आधार, पॅन आणि हक्कसोडपत्राच्या मूळ प्रती घेऊन मी सभेला उपस्थित राहण्यास तयार आहे. संध्याकाळी सहानंतरची कोणतीही वेळ मला चालेल.

दुरुस्तीचा ठराव होईपर्यंत पुनर्विकासाच्या कोणत्याही कागदावर ‘खरे’ या नावाने माझी सही घेतली जाऊ नये, ही आणखी एक विनंती. पुनर्विकासाला माझा पाठिंबा आहे, सभेत मी तसे मतही दिले आहे. संमतीपत्र अडवून धरण्याचा माझा हेतू नाही. माझ्या नावाने ते माझ्यापुढे ठेवावे, मी त्याच दिवशी सही करीन.

समितीने काही कारणाने अर्ज नामंजूर केला, किंवा आणखी कागद हवे असले, तर ते कृपया लेखी कळवावे, म्हणजे मला पुढची तयारी करता येईल. मंजूर झाल्यास ठरावाची सही-शिक्क्यानिशी एक प्रत मिळावी. ती बँकेत आणि करारनाम्याच्या कागदांसोबत लागेल.

या अर्जाची एक प्रत सोबत आणली आहे. तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घालून पोच द्यावी.

आपली विश्वासू,

मृणालिनी श्रीधर खेर
सदनिका क्र. 7

सोबत जोडलेली कागदपत्रे (सर्व स्वसाक्षांकित प्रती, प्रतिज्ञापत्र व ना-हरकत पत्र मूळ) :

1. शेअर सर्टिफिकेट क्र. 7, दोन्ही बाजू
2. आधार कार्ड व पॅन कार्ड
3. विवाह नोंदणी प्रमाणपत्र
4. कै. श्रीधर गोविंद खेर यांचे मृत्यू प्रमाणपत्र
5. 2016 चे नोंदणीकृत हक्कसोडपत्र व त्याची सूची क्र. 2
6. सदनिका क्र. 7 चा मूळ खरेदी करारनामा, पहिले व शेवटचे पान
7. ‘मृणालीनी श्रीधर खरे’ व ‘मृणालिनी श्रीधर खेर’ ही एकाच व्यक्तीसाठी झालेली नोंद असून पहिली चुकीची आहे, असे नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र, 500 रुपयांच्या मुद्रांक कागदावर
8. सदनिका क्र. 11 चे सभासद श्री. खरे यांचे ना-हरकत पत्र
9. मे 2025 च्या सिंकिंग फंडाच्या चेकची नोंद दाखवणारे बँक पासबुकाचे पान