उष्ण हवामानातील काँक्रीटिंगची कार्यपद्धती: घोडबंदर रस्ता, ठाणे येथील निवासी इमारत, एम ४० स्लॅब

हे टिपण मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत होणाऱ्या स्लॅब आणि बीमच्या कामांना लागू राहील. प्रत्येक ओतकाम सुमारे ११० घनमीटरचे असून काँक्रीट तुर्भे येथील आरएमसी प्लांटमधून येते. साईट इंजिनीअर, प्लांटचे क्वालिटी इंजिनीअर आणि ठेकेदाराचे मुकादम या तिघांनी ते ओतकामाच्या आदल्या दिवशी एकत्र वाचावे.

आयएस ७८६१ (भाग १) नुसार हवेचे किंवा ओतताना काँक्रीटचे तापमान ४० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक होणार असेल, तर ते उष्ण हवामानातील काम मानले जाते. या प्रकल्पावर मात्र त्याहून कडक मर्यादा पाळायची आहे. ओतण्याच्या ठिकाणी काँक्रीटचे तापमान ३२ अंशांपर्यंत असावे. ३२ ते ३५ अंशांदरम्यान असल्यास प्लांटला तत्काळ कळवून पुढील गाडीत दुरुस्ती करून घ्यावी, आणि ३५ अंशांपेक्षा अधिक असल्यास गाडी परत पाठवावी. गरम काँक्रीट सुरुवातीला लवकर ताकद धरते, पण त्याची २८ दिवसांची ताकद कमी भरू शकते. म्हणून सात दिवसांचे क्यूब चांगले आले एवढ्यावर समाधान मानू नये.

तापमान उतरवण्याचे काम प्लांटवरच व्हायला हवे. खडी व क्रश सँड शेडखाली ठेवून खडीवर पाणी फवारावे, कारण मिश्रणात त्यांचेच वजन सर्वाधिक असते आणि ती दोन अंशांनी थंड झाली की काँक्रीट एका अंशाहून थोडे अधिक थंड होते. पाण्याचे तापमान दहा अंशांनी उतरवल्यास काँक्रीट सुमारे अडीच अंशांनी उतरते. त्याहून अधिक उतरवायचे असल्यास पाण्याच्या काही भागाऐवजी बर्फ वापरावा: एका घनमीटरमागे ४० किलो बर्फ घातल्यास सुमारे पाच अंशांचा फरक पडतो. मिक्सिंग संपेपर्यंत बर्फ पूर्ण विरघळला पाहिजे, आणि खडीतले पाणी व बर्फ या दोहोंचे वजन एकूण पाण्यातून वजा झाले पाहिजे.

रिटार्डर आयएस ९१०३ प्रमाणे तपासलेलाच असावा आणि त्याचा डोस त्याच सिमेंटवर, त्याच हंगामात घेतलेल्या ट्रायल मिक्सवरून ठरवावा. हिवाळ्यातला डोस पुढे चालवू नये. डोस वाढवून अधिक वेळ मिळेल हा हिशोब धोक्याचा आहे. सेटिंग लांबते, वरचा थर मात्र उन्हात आधी सुकतो, आणि खालचे काँक्रीट अद्याप ओले असतानाच पृष्ठभागाला भेगा पडतात. साईटवर ड्रममध्ये पाणी घालण्यास सक्त मनाई आहे. स्लम्प उतरला असल्यास प्लांटच्या तंत्रज्ञाच्या उपस्थितीत, एकदाच, सुपरप्लास्टिसायझर घालून किमान पाच मिनिटे ड्रम वेगाने फिरवावा आणि स्लम्प पुन्हा मोजावा.

आयएस ४९२६ प्रमाणे गाडी भरल्यापासून दोन तासांत ती रिकामी व्हायला हवी. रिटार्डर असल्यास अधिक वेळ देता येतो, तरी ही सवलत आपण अडीच तासांपर्यंतच आणि तापमान ३२ अंशांच्या आत असेल तरच देऊ. माजिवडा आणि कापूरबावडी येथील कोंडी लक्षात घेता पहिली गाडी पहाटे पाचला भरून सहाला पंप सुरू करावा, म्हणजे खडी रात्रभरात निवालेली असते आणि वाराही मंद असतो. संध्याकाळचे ओतकाम सुचवले जाते, परंतु त्या वेळी रस्ताही भरलेला असतो आणि पश्चिमेचा वाराही सुटलेला असतो. ओतण्याआधी शटरिंग व सळई पाण्याने भिजवावी, मात्र तळाशी पाणी साचू देऊ नये. लगतच्या दोन पट्ट्यांत ४५ मिनिटांहून अधिक अंतर पडू देऊ नये, अन्यथा कोल्ड जॉइंट राहतो. पंप बंद पडल्यास काँक्रीट कोठे थांबवायचे ते बीमच्या नकाशावर आधीच आखून ठेवावे.

मे महिन्याच्या दमटपणात पारा चढलेला असला तरी बाष्पीभवन तुलनेने कमी असते. आमच्या मते खरी काळजी मार्चमध्ये, जमिनीवरून कोरडे पूर्वेचे वारे येतात त्या दिवसांत घ्यावी. म्हणून तापमानाबरोबर आर्द्रता आणि वाऱ्याचा वेगही दर तासाला नोंदवावा. बाष्पीभवन दर चौरस मीटरला ताशी एक किलोच्या जवळ येऊ लागले, तर वाऱ्याच्या बाजूला आडोसा उभारावा आणि हवेत बारीक तुषार सोडावेत. फिनिशिंग सोपे व्हावे म्हणून पृष्ठभागावर पाणी शिंपडू नये.

ट्रॉवेलचा हात फिरून झालेला भाग लगेच प्लास्टिकच्या कापडाने झाकावा. पृष्ठभाग पाण्याने खरवडणार नाही इतका घट्ट झाला की ओले गोणपाट अंथरावे, आणि दुसऱ्या सकाळी वाफे बांधून पाणी उभे करावे. आयएस ४५६ मिश्र सिमेंटसाठी किमान दहा दिवस सांगते. आपण पीपीसी वापरतो, त्यामुळे या हंगामात १४ दिवस क्युरिंग करावे. उन्हात तापलेल्या पाइपातले पहिले पाणी बाजूला सोडून द्यावे. कॉलमला गोणपाट गुंडाळून वर प्लास्टिक बांधावे, कारण उभ्या पृष्ठभागावर दिवसातून दोनदा मारलेले पाणी पुरत नाही.

आयएस ४५६ नुसार ११० घनमीटरसाठी सहा नमुने घ्यावेत. क्यूब सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवावेत आणि साच्यातून काढल्यावर २७ अंशांच्या टाकीत सोडावेत. प्रत्येक गाडीच्या चलनावर भरण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, तापमान, स्लम्प आणि रिकामी झाल्याची वेळ लिहून साईट इंजिनीअरने सही करावी. परत पाठवलेल्या गाडीचे चलनही त्याच फाइलला लावावे.